एकाच किल्लीची दोन कुलुपं

जून 2014 मध्ये ‘कोड स्पेसेस’ कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण खात्यात हॅकर घुसला आणि त्याने खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलताच त्याने बहुतेक डेटा पुसला. बॅकअपही गेले, कारण त्यांची किल्ली तेच खातं होतं. कंपनी बंद पडली.

म्हणून एक प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डखाली हवी. वर्डप्रेसच्या साइटसाठी फाइली आणि डेटाबेस दोन्ही घ्या. लेख डेटाबेसमध्येच असतात.

हॅकनंतर कालचीच प्रत चढवली, तर चोरवाटही परत येते. लॉग आणि फाइलींच्या तारखा पाहून घुसखोरीआधीची प्रत निवडा, मग साइट अपडेट करून सगळे पासवर्ड बदला. बिघडलेल्या अपडेटनंतर मात्र अगदी आदली प्रत पुरते.

आजच तुमची प्रत चाचणी साइटवर उघडून पाहा.