काल बातम्या पाहिल्या होत्या का?

‘तुम्ही रोज बातम्या पाहता का?’ असं विचारलं की बहुतेक माणसं ‘हो’ म्हणतात. त्यांना खोटं बोलायचं असतंच असं नाही. किती वेळा बातम्या पाहिल्या याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मग माणूस अंदाज बांधतो, आणि सुजाण नागरिकाने बातम्या पाहायला हव्यात ही समजूत त्या अंदाजाला वरच्या बाजूला ढकलते. राज्यशास्त्राचे अभ्यासक मार्कुस प्रायर यांनी २००९ साली अमेरिकेतल्या अशा उत्तरांची तुलना नील्सनच्या टीव्ही-मोजणीशी केली. संध्याकाळच्या बातम्या पाहतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण मोजणीच्या साधारण तिप्पट निघालं. म्हणून प्रश्नावली लिहिणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे लोकांना अंदाज बांधायला कमीत कमी वाव ठेवणं.

एखाद्या तालुक्याच्या गावात बातम्यांच्या सवयींची पाहणी करायची आहे असं समजू. ‘नेहमी, बरेचदा, कधी कधी, क्वचित’ हे पर्याय सोयीचे दिसतात, पण एकाचं ‘बरेचदा’ म्हणजे दिवसातून दोनदा, तर दुसऱ्याचं आठवड्यातून दोनदा. त्यापेक्षा ‘काल तुम्ही वर्तमानपत्र वाचलं किंवा चाळलं का?’ हा प्रश्न बरा. काल काय केलं ते आठवतं. एका माणसाच्या कालवरून त्याची सवय कळत नाही हे खरं, पण पुरेशा माणसांना विचारलं तर एखाद्या दिवशी गावातले किती जण पेपर वाचतात ते कळतं. मात्र मुलाखती आठवड्याच्या सगळ्या वारांवर विभागाव्या लागतात. सगळ्या सोमवारी घेतल्या, तर हाती फक्त रविवारचं वाचन येईल.

किती वेळ, हा प्रश्न आणखी नाजूक आहे. नॉर्बर्ट श्वार्ट्‌स आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला जर्मनीतला एक प्रयोग प्रश्नावली लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. रोज टीव्ही किती वेळ पाहता, हे त्यांनी दोन गटांना विचारलं. एका गटाचे पर्याय ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून ‘अडीच तासांहून जास्त’पर्यंत होते. दुसऱ्या गटाचे पर्याय ‘अडीच तासांपर्यंत’ इथून सुरू होऊन ‘साडेचार तासांहून जास्त’ इथे संपत होते. अडीच तासांहून जास्त पाहतो असं पहिल्या गटात सुमारे १६ टक्के लोकांनी सांगितलं, दुसऱ्यात सुमारे ३८ टक्के लोकांनी. पर्यायांची यादी पाहून माणूस इतरांचं किती असेल ते ताडतो, आणि स्वतःला मधोमध कुठेतरी बसवतो. म्हणून वेळ विचारायचा तर पर्याय न देता विचारावा: टीव्हीसमोर किती वाजता बसलात, कधी उठलात?

विश्वासाचं मोजमाप मात्र पर्यायांशिवाय होत नाही. ‘स्थानिक पेपरातल्या बातम्या खऱ्या असतात, सहमत की असहमत?’ असं विचारू नये, कारण घरी आलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे जड जातं. पाच पायऱ्यांची श्रेणी ठेवावी, पण ‘मध्यम विश्वास’ आणि ‘सांगता येत नाही’ वेगळे ठेवावेत. जो पेपर वाचतच नाही त्याचं मत मध्यम नसतं. तोंडी विचारताना पाच पर्याय लक्षात राहत नाहीत आणि शेवटी ऐकलेला पर्याय उचलला जातो. तिथे प्रश्नाचे दोन टप्पे करावेत: विश्वास आहे की नाही, आणि मग खूप की थोडा.

एवढं करूनही कागदावरची प्रश्नावली कच्चीच असते. मुख्य पाहणीत नसतील अशा वीस-तीस जणांवर ती आधी चालवून पाहावी लागते. त्यांत शेतकरी, दुकानदार, गृहिणी, कॉलेजची मुलं, कमी शिकलेले असे सगळे हवेत. काहींना उत्तर देताना मनात काय आलं ते मोठ्याने बोलायला सांगावं. इथेच खऱ्या अडचणी बाहेर येतात. ‘वर्तमानपत्र वाचलं का’ला ‘नाही’ म्हणणारा माणूस व्हॉट्सॲपवर आलेलं पेपरचं कात्रण सकाळीच वाचून बसलेला असू शकतो. ‘बातम्या’ म्हटल्यावर एखाद्या आजींच्या डोळ्यासमोर फक्त टीव्ही येतो, आणि शेजारणीने मोबाइलवर दाखवलेला बाजारभाव त्या बातमीत धरतच नाहीत.

बोलून न दाखवलेल्या अडचणी वेगळ्या खुणांवरून ओळखाव्या लागतात. विश्वासाच्या सगळ्या प्रश्नांना एकाच पायरीवर ओळीने खुणा दिसल्या, तर माणूस कंटाळला आहे. एखाद्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, तर त्यातून फरक कळत नाही. तो काढून टाकला तरी चालेल. मला सर्वांत बोलकी खूण वाटते ती मुलाखत घेणाऱ्याची. तो ‘म्हणजे असं बघा...’ म्हणत प्रश्न स्वतःच्या शब्दांत समजावू लागला, की वाक्य बदलायला हवं. नाहीतर प्रत्येक घरात वेगळाच प्रश्न विचारला जाईल.

मग ‘वर्तमानपत्र’चे तीन प्रश्न होतात: छापील अंक, मोबाइलवरचा अंक, दुसऱ्याने पाठवलेलं कात्रण. बदललेले प्रश्न पुन्हा नव्या दहा-बारा माणसांवर तपासायचे, कारण दुरुस्तीतही नवा घोळ शिरतो. मुख्य पाहणी सुरू झाल्यावर मात्र शब्दाला हात लावायचा नाही. निम्म्या गावाला एक प्रश्न आणि निम्म्याला दुसरा विचारला, तर दोघांची उत्तरं एकत्र मोजता येत नाहीत.