परिचय पाठवा, पत्रिका छापायला जातेय

तबल्याची साथ करणाऱ्या कलाकाराला हा फोन बहुधा कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी येतो. "सर, तेवढा परिचय पाठवा ना, संध्याकाळी पत्रिका छापायला जातेय." मुख्य गायकाचा परिचय आयोजकाकडे कधीच पोचलेला असतो. अडलेली असते ती साथीदारांची माहिती. मग सर जुन्या मेसेजमधून तीन वर्षांपूर्वीचा मजकूर शोधून काढतात, त्यात 'गेली दहा वर्षे'चं 'गेली बारा वर्षे' करतात, 'देशभर अनेक मैफलींत साथ' हे वाक्य तसंच ठेवतात आणि पाठवून देतात. निवेदक ते जसंच्या तसं वाचतो. साथीदारांचा परिचय बहुतेक वेळा कुणाचाही असू शकेल असा वाटतो, याचं कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं नसतं असं नव्हे. सांगण्यासारखं होतं ते कधी, कुठे आणि किती, हे त्या घटकेला हाताशी नसतं एवढंच.

नोकरदाराचं काम निदान कार्यालयाच्या कागदांवर उमटत जातं. साथीदाराचं तसं होत नाही. वर्तमानपत्रातल्या वृत्तांतात त्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, तेही जागा उरली तर. आकाशवाणीच्या श्रेणीचं पत्र, शिष्यांचे परीक्षांचे निकाल, पत्रिका, मानधनाच्या नोंदी हे सगळं घरातच, पण चार ठिकाणी पडलेलं असतं. शिष्यवृत्तीचा, पुरस्काराचा किंवा एखाद्या संस्थेच्या कलाकार-यादीचा अर्ज भरायची वेळ आली की रात्रभर कपाटं उपसली जातात. हे टाळायला महिन्यातून एकदा अर्धा तास पुरतो. मात्र त्या अर्ध्या तासात काय लिहायचं, हे नीट ठरलेलं हवं.

एक वही किंवा मोबाइलमधला तक्ता घ्या. त्यात पाच रकाने आखा: तारीख, काय केलं, कुठे आणि कुणाच्या वतीने, आकडा, पुरावा कुठे ठेवलाय. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आठवणीवर विसंबून लिहायला बसू नका, कारण रंगलेली मैफल आठवते आणि साधी विसरते. आधी मोबाइलमधले त्या महिन्याचे फोटो पाहा, मग व्हॉट्सअॅपवरची बोलणी आणि शेवटी बँकेचं पासबुक. पासबुकात सापडते ती मानधन जमा झाल्याची तारीख. कार्यक्रम त्याआधी महिना-दोन महिने झालेला असू शकतो, म्हणून पासबुकाने फक्त आठवण करून द्यावी, तारीख दुसरीकडून घ्यावी. एखाद्या महिन्यात काहीच घडलं नसेल तर 'काही नाही' असं लिहा. नाहीतर दोन वर्षांनी कोरं पान पाहून, तेव्हा काम नव्हतं की लिहायचं राहिलं, हे कळत नाही.

'ठाण्याचा कार्यक्रम, छान झाला' ही नोंद निकामी आहे. चांगल्या नोंदीची कसोटी अशी, की तुम्हाला न ओळखणाऱ्या निवेदकाला ती वाचून एक खरं वाक्य बोलता आलं पाहिजे. 'रविवार ११ फेब्रुवारी २०२४, ठाणे, अमुक संस्थेची वार्षिक सभा, अमुक गायिकेला साथ, दोन तास, पुरावा: फलकासह फोटो' एवढं असलं की वाक्य आपोआप तयार होतं. संस्थेचं आणि गावाचं नाव पत्रिकेवर जसं छापलं असेल तसंच लिहावं. २०२३ च्या आधी औरंगाबादला झालेल्या कार्यक्रमाची पत्रिका 'औरंगाबाद' म्हणते आणि नंतरची 'छत्रपती संभाजीनगर'. पुढे परिचयात कुठलं नाव घालायचं ते तेव्हा ठरवता येतं, पण नोंद आणि पुरावा एकमेकांशी जुळले पाहिजेत.

पुरावा म्हणून बहुतेक जण पत्रिका जपतात. तिच्यात दोन खोडी आहेत. एक तर पत्रिका कार्यक्रम ठरल्याचं सांगते, झाल्याचं नाही. पावसाने रद्द झालेल्या मैफलीची पत्रिकाही तितकीच सुबक असते. दुसरं, आपल्याकडे पत्रिकेवर 'रविवार दि. ११ फेब्रुवारी, सायं. ६' असं छापतात आणि वर्ष गाळतात. जुन्या पत्रिकांचा गठ्ठा सापडला तर इथे वाराची मदत होते. ११ फेब्रुवारीला रविवार २००७, २०१८ आणि २०२४ मध्ये होता, मधल्या वर्षांत नव्हता. म्हणजे आपण साथ करायला २०११ मध्ये लागलो हे ठाऊक असेल, तर उरतात दोनच वर्षं आणि त्यातलं एक कपड्यांवरून, सोबतच्या कलाकारांवरूनही ओळखता येतं. तरी सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे रंगमंचामागच्या फलकासह काढलेला फोटो. त्यात संस्था, स्थळ, बऱ्याचदा तारीख आणि तुम्ही स्वतः एकत्र असता. वर्तमानपत्राचं कात्रण ठेवताना कडेला पत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पानाचा क्रमांक लगेच लिहावा. कात्री नेमका तोच भाग कापून टाकते, आणि पुणे आवृत्तीतली बातमी कोल्हापूर आवृत्तीत शोधत बसायची वेळ येते.

मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोबाबत सावध राहा. अँड्रॉइड फोनवर तो `IMG-20240315-WA0007.jpg` अशा नावाने साठतो. त्यातली तारीख फोटो तुमच्या फोनवर आल्याची आहे, काढल्याची नाही. मूळ फोटोसोबतची तारखेची माहितीही वाटेत गळून गेलेली असते. फेब्रुवारीतली मैफल अशा फोटोवरून मार्चमध्ये लिहिली जाते. म्हणून नोंदीत चढवतानाच फाइलचं नाव बदलून `2024-02-11_thane_sath.jpg` असं करावं. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि इंग्रजी अंकांत लिहिलं की फोल्डरमधल्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला परिचय छापखान्यात उघडला की अनेकदा नुसती चिन्हं दिसतात, आणि घाईत हे पत्रिका छापून आल्यावरच लक्षात येतं.

आता आकडे. खरी गफलत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर पाहू. समजा, आपले हे तबलावादक घरी शिकवतातही आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवतात. या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. २०२३ च्या एप्रिल-मे सत्रात त्यांचे ११ विद्यार्थी बसले, ९ उत्तीर्ण झाले. २०२४ च्या त्याच सत्रात ८ बसले आणि आठही उत्तीर्ण झाले. मात्र या आठांपैकी पाच जण आदल्या वर्षीच्या अकरांतलेच होते. आता परिचयात काय लिहायचं? 'एकोणीस विद्यार्थी परीक्षेला बसवले' हे खोटं, कारण माणसं १४ आहेत. एकोणीस आहेत त्या परीक्षा. 'सतरा उत्तीर्ण' हेही निकाल आहेत, मुलं नव्हेत. अशी बेरीज दहा वर्षं चालली की सरांच्या नावावर दोनशे शिष्य जमा होतात आणि गल्लीतल्या लोकांनाही ते माहीत नसतात. उपाय साधा आहे. आकड्याच्या रकान्यात 'बसले ११, उत्तीर्ण ९, नवीन ११' आणि पुढच्या वर्षी 'बसले ८, उत्तीर्ण ८, नवीन ३' असं लिहायचं. माणसं मोजायची असतील तेव्हा फक्त 'नवीन' मिळवायचे. परीक्षेचा महिना आणि निकालाचा महिना वेगळा असतो, म्हणून दोन्ही लिहावेत. नाहीतर एकच यश दोन ओळींत चढतं.

मैफलींचंही तसंच आहे. साथ आणि एकल वादन वेगळं मोजावं. दर डिसेंबरअखेर एक बेरजेची ओळ टाकावी: '३१ डिसेंबर २०२४ अखेर साथ ११२, एकल ९'. नोंद ठेवायला लागण्यापूर्वीची वर्षं आठवणीतून धरली असतील, तर त्या भागापुढे 'अंदाजे' लिहून ठेवावं आणि परिचयात तो आकडा मिसळू नये. श्रोत्यांची संख्या मात्र मी कुणालाच लिहायला सांगत नाही. ती कुणी मोजलेली नसते आणि सभागृह भरलं होतं यापलीकडे आपल्याला काही ठाऊक नसतं. आकाशवाणीची श्रेणी लिहिताना पत्रातले शब्द जसेच्या तसे उतरवावेत, पत्राच्या तारखेसह. 'बी हाय' आणि 'ए' यांत फरक आहे आणि परीक्षक मंडळात बसणाऱ्यांना तो पक्का माहीत असतो.

हे सगळं वहीत असलं की त्या संध्याकाळच्या फोनला उत्तर द्यायला काय लागतं पाहा. चार ओळी उचलायच्या: शिक्षण, सध्याचं काम, एक आकडा, एक ताजी गोष्ट. आपल्या कल्पित सरांचा निवेदनासाठीचा परिचय असा होईल:

'तबल्यात २००९ मध्ये विशारद. २०११ पासून ठाण्यात तबलावादन शिकवतात. आकाशवाणीची बी हाय श्रेणी २०१९ मध्ये मिळाली. २०२४ अखेर ११२ मैफलींत साथ आणि ९ एकल वादनं. त्यांचे सहा विद्यार्थी आजवर विशारद झाले आहेत.'

मोठ्याने वाचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. पत्रिकेसाठी पहिली दोन वाक्यं आणि श्रेणी पुरे. अर्जासाठी यालाच वर्षवार तपशील आणि पुराव्यांचे क्रमांक जोडायचे. यात 'गेली तेरा वर्षे' कुठेही नाही हे लक्षात आलं असेल. 'गेली' ने सुरू होणारं वाक्य दरवर्षी चुकीचं होतं, '२०११ पासून' कधीच होत नाही. आकड्यालाही '२०२४ अखेर' जोडलंय, त्यामुळे २०२६ मध्ये कुणी जुना मजकूर छापला तरी तो शिळा ठरेल, खोटा ठरणार नाही.

वहीला एक गोष्ट जमत नाही. ११२ पैकी कुठली मैफल सांगावी हे ती सांगत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जो १९५३ मध्ये सुरू झाला, एखाद्याने साथ केली असेल तर ती ओळ निवेदक स्वतःच उचलेल. पण गावच्या सप्ताहात सलग सात रात्री भजनाला ठेका धरणं हे संगतकाराच्या दृष्टीने कदाचित मोठं काम असतं आणि परिचयात ते कधी येत नाही. म्हणून पाचव्या रकान्याच्या बाहेर, समासात, अशा नोंदीपुढे एक खूण करत जावी. अर्ज संगीत अकादमीचा असेल तर खुणेकडे दुर्लक्ष करता येतं. भजनी मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका असेल तर आधी त्याच ओळी काढायच्या.