चेहरा कोपऱ्यात की शेजारी?

एक्सेल शिकवणारे बहुतेक जण आपला चेहरा उजवीकडे खालच्या कोपऱ्यात ठेवतात. एक्सेलमध्ये आकडे निवडले की त्यांची बेरीज आणि सरासरी नेमकी त्याच कोपऱ्यात दिसते. शिक्षक म्हणतो, "इथे खाली बघा," आणि तिथे तोच हसत बसलेला असतो.

चित्राच्या आत छोटी चौकट ठेवण्याच्या या मांडणीचा हिशेब फसवा आहे. फुल एचडी व्हिडिओ १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० उंच असतो. पाव रुंदीची चौकट घेतली तर ती ४८० बाय २७० होते, म्हणजे पडद्याचा सोळावा हिस्सा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक्सेलमध्ये शंभर टक्के झूमला एक ओळ २० पिक्सेल उंच आणि एक स्तंभ ६४ पिक्सेल रुंद असतो. खालच्या पट्ट्या वगळल्या तरी आठेक ओळी आणि सात स्तंभ चेहऱ्यामागे जातात. त्यात सबटायटल आणि व्हिडिओ थांबवायची बटणंही पडद्याच्या तळाशीच येतात, त्यामुळे खाली आधीच गर्दी असते. एक्सेलसाठी मला वरचा उजवा कोपरा बरा वाटतो, कारण तिथले स्तंभ सहसा रिकामेच असतात. मात्र Sort & Filter शिकवायचं असेल तर तोही सोडावा लागतो, कारण ते बटण वर उजवीकडेच आहे.

मग पडदा सरळ दोन भागांत का विभागू नये? विभागता येतो, पण निम्मा-निम्मा नको. दोन आडवी चित्रं शेजारी बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला ९६० बाय ५४० येतं. वर-खाली काळ्या पट्ट्या उरतात आणि बरोबर अर्धा पडदा वाया जातो. बहुतेक लोक हे फोनवर बघणार. आडव्या फोनचा पडदा साधारण १४ सेंटिमीटर रुंद धरला, तर एक्सेलचं नेहमीचं ११ पॉइंटचं अक्षर पूर्ण पडद्यावर जेमतेम एक मिलिमीटरचं दिसतं. अर्ध्या पडद्यात ते अर्धा मिलिमीटर होतं. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, हे मग अंदाजानेच ठरवायचं.

VLOOKUP शिकवायचं असेल तर वाटणी दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश करावी. डावीकडे १२८० बाय ७२० मध्ये एक्सेल, उजवीकडे ६४० रुंदीच्या उभ्या पट्टीत शिक्षक. कॅमेऱ्याच्या आडव्या चित्रातून मधला उभा तुकडा तेवढा कापायचा, म्हणून बसायचंही कॅमेऱ्याच्या बरोबर मध्ये. ओबीएसमध्ये Alt दाबून चित्राची कड ओढली की कापता येतं. नेमके आकडे भरायचे तर Ctrl+E दाबल्यावर चौकट उघडते. एक्सेलखाली ३६० पिक्सेलची पट्टी उरते. तिथे सूत्र मोठ्या अक्षरांत लिहावं:

```
=VLOOKUP(A2,F2:G20,2,FALSE)
```

खरी मेख रेकॉर्डिंगच्या आधी आहे. संगणकाचा पडदाच १२८० बाय ७२० वर आणून मग रेकॉर्ड करायचं. तसं केलं की चित्र न आकसता जागेवर बसतं आणि अक्षरं रेखीव राहतात. १९२० रुंदीचं रेकॉर्डिंग नंतर दाबून बसवलं, तर अक्षरं लहान होतातच, शिवाय कडांना धूसर होतात. नंतर कितीही प्रयत्न केला तरी तो धूसरपणा जात नाही.

रिअॅक्शन व्हिडिओतही हीच वाटणी चालते, पण तिथे प्रेक्षक चेहरा बघायलाच आलेला असतो. ट्रेलरमध्ये नायक पडद्यावर येतो त्याच क्षणी भुवया उंचावताना दिसायला हव्यात. म्हणून तिथे जागेइतकंच वेळेला महत्त्व आहे. चेहरा फोनवर आणि पडदा संगणकावर वेगवेगळा रेकॉर्ड केला असेल, तर सुरुवातीला एक टाळी वाजवतात. संगणकाच्या रेकॉर्डिंगमध्ये माइकचा आवाज चालू असला पाहिजे, म्हणजे दोन्ही आवाजांच्या आलेखात टाळीचा सुळका दिसतो. ते दोन सुळके एकमेकांखाली आणायचे.

एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. पुष्कळ फोन सेकंदाला अगदी ठरावीक फ्रेम टिपत नाहीत, प्रकाश बदलला की त्यांचा वेग हलतो. काही संपादन सॉफ्टवेअर असा व्हिडिओ नीट हाताळत नाहीत. सुरुवात अचूक जुळते आणि वीस मिनिटांनी विनोदाआधीच हसू उमटलेलं दिसतं. हे ओळखायला शेवटीही एक टाळी वाजवावी. पहिली जुळली आणि शेवटची सरकलेली दिसली, तर फोनचा व्हिडिओ हँडब्रेकमध्ये Constant Framerate निवडून पुन्हा काढावा आणि मगच संपादनाला घ्यावा. आणि मूळ व्हिडिओ बघताना कानात हेडफोन हवेतच. नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि ट्रेलरमधलं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.