पत्रिकेच्या फोटोला उत्तर लिहिताना

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेचा फोटो येतो आणि त्याखाली एवढंच लिहिलेलं असतं: "याला उत्तर लिहून दे." वडील मुलीला असं सांगतात, सासूबाई सुनेला सांगतात. घरात ज्याचं मराठी बरं, त्याच्याकडे हे काम जातं. दोन ओळींचं तर काम, म्हणून मग "हार्दिक शुभेच्छा" आणि जोडलेले हात पाठवून विषय संपतो. यजमानाच्या हाती मात्र त्यातून काहीच लागत नाही. ही मंडळी येणार की नाहीत, आणि येणार तर किती जण?

पूर्वी पत्रिकेला लेखी उत्तर द्यावं लागत नसे, कारण उत्तर दारातच मिळायचं. पहिली पत्रिका देवापुढे ठेवून झाली, की हळदकुंकू आणि अक्षता लावलेल्या पत्रिका घेऊन घरची माणसं नातेवाइकांकडे जायची. पाणी, चहा व्हायचा, "यायचं हं नक्की", "येणार तर!" असं बोलणं व्हायचं आणि परतताना यजमानाला अंदाज आलेला असायचा. आता पत्रिकेच्या तळाशी "प्रत्यक्ष भेटीअभावी हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे" अशी ओळ असते आणि भेटीची जागा फोटोने घेतली आहे. दारातलं ते बोलणं उत्तराच्या संदेशातच आणावं लागतं. शिवाय केटरर पानामागे पैसे घेतो आणि पानांचा आकडा काही दिवस आधी मागतो, त्यामुळे अंदाजावर भागत नाही.

लिहायला घेण्याआधी पत्रिका मोठी करून नीट वाचावी. समजा, वडिलांनी मुलीला पाठवलेल्या फोटोत असा मजकूर आहे: चि. अनिकेत आणि चि. सौ. कां. मृणाल यांचा शुभविवाह, वैशाख शुद्ध १०, शके १९४८, रविवार दि. २६ एप्रिल २०२६, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे. अनिकेतचं नाव आधी आहे, म्हणजे बहुधा पत्रिका वरपक्षाची. घाईत वाचणाऱ्याची नजर इथेच थांबते. पण नावाखाली बारीक अक्षरात वराच्या वडिलांच्या नावामागे "कै." आहे आणि आईच्या नावामागे "श्रीमती". निमंत्रक म्हणूनही आईचंच नाव आहे.

ही दोन अक्षरं सुटली, तर सवयीने "आपणा उभयतांचे अभिनंदन" लिहिलं जातं. नवऱ्यामागे एकटीने मुलाचं लग्न उभं करणाऱ्या बाईला ती ओळ किती लागेल, हे सांगायला नको. उत्तर कुणाला लिहायचं, हे नवरानवरीच्या मोठ्या अक्षरांतल्या नावांवरून ठरत नाही. ज्याने आमंत्रण दिलं, त्याला ते लिहायचं. त्याला काय म्हणून हाक मारायची, हे मात्र पत्रिकेत नसतं. तेवढं वडिलांनाच विचारावं लागतं. ते म्हणतात, "अरे, ती आपल्या ऑफिसातल्या मित्राची बायको, आम्ही वहिनी म्हणतो." सोबत आणखी एक प्रश्न विचारून टाकावा: कोण कोण जाणार? "सहकुटुंब सहपरिवार" हे पत्रिकेचं अगत्य असतं. आकडा आपणच सांगायचा असतो.

एवढं कळलं, की उत्तर सहज लिहून होतं:

"वहिनी, सादर नमस्कार. अनिकेतच्या लग्नाची पत्रिका मिळाली, खूप आनंद झाला. रविवारी २६ एप्रिलला मी आणि सौ., आम्ही दोघे नक्की येतो. मुहूर्ताच्या आधीच कार्यालयात पोहोचू. काही काम असेल तर हक्काने सांगा. अनिकेत आणि मृणाल दोघांना अनेक आशीर्वाद."

वार आणि तारीख मुद्दाम पुन्हा लिहिली आहे. फोटोवर उजेड चमकला की आकडे पुसट होतात, २६ चे २८ वाचले जातात. आपण चुकीचं वाचलं असेल, तर वहिनींना ते लगेच दिसेल. "दोघे" या शब्दाने पानांचा हिशेब मिटला. गेलेल्या मित्राची आठवण मजकुरात घेतलेली नाही, आणि ते योग्यच आहे. ती लग्नघरात भेटल्यावर, हात हातात घेऊन बोलायची गोष्ट आहे. पाठवलेला फोटो पत्रिकेच्या एकाच पानाचा असू शकतो, हेही ध्यानात ठेवावं. आदल्या दिवशीचं सीमांतपूजन किंवा संध्याकाळचा स्वागत समारंभ दुसऱ्या पानावर असतो. "आहेर आणू नये" ही ओळही बहुधा तिथेच सापडते. शंका आली, तर दुसरं पान मागवून घेण्यात काहीच वावगं नाही.

नकार लिहिणं जास्त अवघड, आणि यंदा तो अनेकांना लिहावा लागतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नं लावत नाहीत, त्यामुळे एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात मुहूर्तांची दाटी होते आणि एकाच रविवारी दोन-दोन पत्रिका येतात. अशा वेळी "बघतो, जमवतो" असं लिहून यजमानाला टांगून ठेवणं हीच खरी असभ्यता. तो भिडेखातर पुन्हा विचारत नाही आणि आपलं पान धरून ठेवतो. कारण एकच द्यावं, खरं द्यावं आणि भेटीची दुसरी वाट लगेच दाखवावी:

"वहिनी, पत्रिका मिळाली, मनापासून आनंद झाला. त्याच दिवशी नाशिकला माझ्या भाचीचं लग्न आहे, त्यामुळे येता येणार नाही, याची रुखरुख आहे. त्याआधी तुम्ही आणि अनिकेत आमच्याकडे केळवणाला या. सवडीचा दिवस कळवा."

घरात सुतक असेल, तर मंगलकार्याच्या उत्तरात मृत्यूची बातमी लिहू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. "घरी अडचण आहे, त्यामुळे येता येणार नाही" एवढं पुरतं. ऐकणारा समजतो आणि खोदून विचारत नाही.

मजकूर तयार झाल्यावर मुलीने तो वडिलांना पाठवला आणि त्यांनी तोच पुढे ढकलला, तर वहिनींच्या फोनवर त्याच्या माथ्याशी 'Forwarded' ही खूण दिसते. वडिलांच्या जिव्हाळ्याचे शब्द कुठून तरी आलेल्या सुप्रभातासारखे दिसू लागतात. म्हणून मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवावा, आणि तोही पत्रिकेच्या फोटोलाच उत्तर म्हणून, म्हणजे शेकडो संदेशांच्या गर्दीत तो कशाविषयी आहे हे वहिनींना शोधावं लागत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर पत्रिका आली असली, तरी किती जण येणार हे यजमानाला वेगळं कळवावं, नाहीतर अभिनंदनाच्या ओघात तो आकडा वाहून जातो.

आणि खरोखरच ठरत नसेल तर? रजा मंजूर व्हायची असते, तिकीट मिळायचं असतं. अशा वेळी "यायची फार इच्छा आहे, रजेचं कळलं की १५ एप्रिलपर्यंत नक्की सांगतो" असं तारखेनिशी लिहावं. लिहून देणाऱ्या मुलीनेच १४ तारखेला वडिलांना फोन करून विचारावं, "बाबा, वहिनींना कळवलंत का?"