थेट विक्रीतील किंमत आणि शिल्लक नग

बारामती-इंदापूर भागातील एखादी विक्रेती मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करीत इरकल साडी विकते, तेव्हा किंमत केव्हा उच्चारली जाते याला महत्त्व असते. कारण प्रथम ऐकलेला आकडा पुढील अंदाजांना आपल्याकडे ओढतो. ट्वर्स्की व कानेमन यांनी १९७४ मध्ये वर्णिलेल्या या प्रवृत्तीला ‘नांगर-परिणाम’ म्हणता येईल. फुगवलेली ‘मूळ किंमत’ खोडून दाखवण्याची युक्ती याच प्रवृत्तीवर चालते, मात्र शेजारच्या दुकानाचा भाव ठाऊक असलेल्या गिऱ्हाईकापुढे ती टिकत नाही. त्यापेक्षा आधी वस्त्र व मग किंमत हा क्रम बरा, जसे पुढील नमुन्यात:

“ताई, टोपपदर जवळून बघा. पदर रेशमी, अंग सुती. ब्लाउजपीस मात्र यात नाही. किंमत अठराशे पन्नास, कुरियर वेगळं. या रंगाचे तीनच नग आहेत, हे बघा. … एक इंदापूरच्या ताईंनी घेतला, दोन राहिले. विचार करून सांगा, दुसरे रंग दाखवते.”

किंमत फार लांबवली, तर ‘किती?’ असे संदेश साचतात आणि प्रेक्षकसंख्या घसरते. हीच उशीर झाल्याची खूण होय. दुर्मिळ वस्तू अधिक हवीशी वाटते हे खरे असले, तरी नग कॅमेऱ्यासमोर मोजल्यानेच ‘तीनच नग’ या उल्लेखाला माहितीचे मूल्य येते. ‘संपत आले’ म्हटलेला रंग दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला, तर पुढची खरी सूचनाही कोणी मानत नाही. शिवाय ऑनलाइन व्यवहारातील अशी खोटी निकड केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे.