उलटसुलट धक्क्यांचं गणित

स्प्रिंगला बांधलेलं एक किलो वजन. स्प्रिंग एक मीटर ताणायला ५ न्यूटन बळ लागतं आणि शेजारचा तेलाचा डँपर वेगाला विरोध करतो. स्थिर असलेल्या या वजनावर ५ न्यूटन बळ लावायचं आणि दर π, म्हणजे सुमारे ३.१४ सेकंदांनी बळाची दिशा उलटवायची. बळाचा आलेख चौकोनी लहरीसारखा दिसतो. वजन कसं हलेल?

समीकरण असं: y'' + 2y' + 5y = f(t). प्रत्येक तुकडा वेगळा सोडवून शेवटची स्थिती पुढच्या तुकड्यात न्यायची, तर काम संपतच नाही. लाप्लास रूपांतरात मात्र एकच आवर्तन पुरतं:

F(s) = 1/(1 − e^(−Ts)) · ∫₀ᵀ e^(−st) f(t) dt

इथे T = 2π. अर्ध्या आवर्तनालाच पूर्ण आवर्तन समजून T = π घेतलं, तर दिशा कधी उलटतच नाही. नीट हिशेब केला की

F(s) = (5/s) · (1 − e^(−πs))/(1 + e^(−πs))

हे मिळतं. छेदातला 1 + e^(−πs) अनंत ठिकाणी शून्य होतो, त्यामुळे नेहमीचे आंशिक अपूर्णांक इथे चालत नाहीत. त्याची भूमिती श्रेढी मांडायची:

F(s) = (5/s)(1 − 2e^(−πs) + 2e^(−2πs) − …)

यातलं प्रत्येक पद एकेका धक्क्याचं आहे. e^(−πs) म्हणजे π सेकंद उशीर. गुणक 2 येतो, कारण +५ वरून −५ वर जाताना बळ १० न्यूटननं बदलतं. म्हणून पहिल्या धक्क्याचा प्रतिसाद काढला की पुरे:

h(t) = 1 − e^(−t)(cos 2t + ½ sin 2t)

पुढचे प्रतिसाद म्हणजे हाच h, उशिरानं सुरू होणारा. श्रेढी अनंत असली, तरी कोणत्याही क्षणी तोवर बसलेल्या धक्क्यांचीच पदं मोजायची. उशिराच्या पदात t ऐवजी t − π लिहायचं राहिलं, तर उत्तर चुकतं.

बेरीज केल्यावर दोन भाग वेगळे होतात. e^(−t) नं विरणारा सुरुवातीचा भाग काही सेकंदांत संपतो. मग दिशा बदलल्यापासूनचा वेळ τ धरला, तर उरणारी हालचाल अशी:

y = ±[1 − 1.917 e^(−τ)(cos 2τ + ½ sin 2τ)]

बळ स्थिर असतं, तर वजन अखेर एक मीटरवर थांबलं असतं. इथे ते दर फेरीत सुमारे १.४० मीटरपर्यंत जातं आणि दिशा बदलते तेव्हा ०.९१७ मीटरवर असतं.

उत्तर बरोबर आहे का, हे इथेच तपासता येतं. एका तुकड्याच्या शेवटी, τ = π ला, 0.917 येतं. पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला चिन्ह उलटतं आणि −(1 − 1.917), म्हणजे पुन्हा 0.917. बळ झटक्यात बदलतं, पण वजनाची जागा झटक्यात बदलू शकत नाही. दोन आकडे जुळले नाहीत, तर चूक बहुधा उशिराच्या पदात किंवा T मध्ये सापडते.

ही बेरीज चालते ती समीकरण रेषीय असल्यामुळेच. स्प्रिंग जास्त ताणल्यावर कडक होऊ लागली, तर धक्क्यांचे प्रतिसाद असे एकमेकांत मिळवता येत नाहीत, आणि तिथे संगणकावर टप्प्याटप्प्यानं उत्तर काढावं लागतं.