काय-वर्ग चाचणी : टक्केवारी नव्हे, प्रत्यक्ष वारंवारता

दोन गुणधर्म परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत, हे काय-वर्ग चाचणीने तपासता येते. उदाहरणादाखल ५० ग्राहकांचे सर्वेक्षण घेऊ. २५ पुरुषांपैकी १५ व २५ स्त्रियांपैकी ९ जण रोखीने खरेदी करतात. उर्वरित १० पुरुष व १६ स्त्रिया उधारीने.

लिंग व खरेदीची पद्धत स्वतंत्र आहेत, ही शून्य परिकल्पना होय. ती खरी मानल्यास रोखीच्या प्रत्येक घरात २५ × २४ ÷ ५० = १२ व उधारीच्या प्रत्येक घरात १३ ही अपेक्षित वारंवारता येते. प्रत्येक घरातील फरक ३ आहे. त्याचा वर्ग ९, यास अपेक्षित वारंवारतेने भागून चारही घरांची बेरीज केल्यास २.८८ मिळते. १ स्वातंत्र्य मात्रा व ५% सार्थकता पातळीस सारणीमूल्य ३.८४ असल्याने परिकल्पना फेटाळता येत नाही.

विद्यार्थी पुष्कळदा हीच सारणी टक्केवारीत (३०, २०, १८, ३२) मांडून तेच सूत्र वापरतात. तेव्हा मूल्य ५.७७ येते व निष्कर्ष उलटतो; कारण ५० ग्राहकांचे जणू १०० झालेले असतात. प्रमाण तेच राहूनही नमुना दुप्पट होताच काय-वर्गाचे मूल्य दुप्पट होते. म्हणून उत्तर तपासताना प्रथम सारणीची एकूण बेरीज पाहावी. ती प्रतिसादकांच्या प्रत्यक्ष संख्येइतकीच असली पाहिजे.